पटावरून गेलेली मुलं

शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या हातात हमखास पडणारी जी दोन-चार पुस्तकं आहेत, त्यांत इटलीच्या बार्बियाना गावातल्या मुलांनी लिहिलेलं एक पत्र आहे. 'लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा' हे त्याचं मूळ नाव. मे १९६७ मध्ये फ्लोरेन्समधल्या एका लहान प्रकाशनसंस्थेनं ते छापलं. जगातल्या बऱ्याच भाषांमध्ये ते गेलं आणि मराठीत 'प्रिय बाई' या नावानं आलं. आपल्याकडे अध्यापक विद्यालयांमध्ये या पुस्तकाबद्दल बोलणं झालं, की त्यातल्या रागाबद्दल बोललं जातं. राग आहेच, आणि तो वाचताना अंगावर येतो. पण ज्यानं हे पुस्तक पन्नास वर्षांहून अधिक टिकवलं ते त्यातलं हिशेबाचं काम आहे असं मला वाटतं, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

आधी ही मुलं कोण ते सांगायला हवं. बार्बियाना म्हणजे फ्लोरेन्सच्या उत्तरेला, मुजेल्लो खोऱ्यात, जोवी डोंगराच्या उतारावरची एक विखुरलेली वस्ती. एक चर्च, थोडी घरं, भोवती रान. वीज नाही, नळ नाही, चर्चपर्यंत धड रस्ता नाही. डिसेंबर १९५४ मध्ये लोरेन्झो मिलानी नावाच्या एकतीस वर्षांच्या धर्मगुरूची तिथं बदली झाली. त्याआधी तो सान दोनातो या गावी कामगारांसाठी रात्रशाळा चालवत असे, आणि त्याची मतं चर्चमधल्या वरिष्ठांना पचत नव्हती. म्हणून त्याला डोंगरावर पाठवलं गेलं. तिथं त्यानं आजूबाजूच्या गुराख्यांची, शेतकऱ्यांची पोरं गोळा केली आणि शाळा सुरू केली.

शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले, रविवारीही. बाकं नाहीत, मोठी टेबलं. पुस्तकाची प्रत बहुधा एकच, मग सगळे तिच्याभोवती जमायचे. मोठी पोरं लहानांना शिकवायची. ज्याला सगळ्यात कमी समजतं तो वर्गाचा लाडका. त्याला कळेपर्यंत कुणीही पुढं जायचं नाही. इतका वेळ शाळेत बसायला पोरं कंटाळत कशी नव्हती, याचं उत्तर पुस्तकातच एका मुलाच्या तोंडून येतं. त्याच्या गोठ्यात छत्तीस गाई होत्या. दिवसभर शेण काढण्यापेक्षा शाळा कधीही बरी, असा त्याचा सरळ हिशेब होता.

या शाळेतले काही विद्यार्थी शिक्षक व्हायचं म्हणून शहरातल्या अध्यापक विद्यालयात गेले आणि नापास झाले. पत्र लिहिलं आहे ते नापास करणाऱ्या बाईंना. म्हणजे हे पुस्तक जन्मालाच आलं ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या दारात. लिहिणारी आठ मुलं, पण पुस्तकात बोलणारा एकच 'मी'.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात सक्तीच्या शिक्षणात नापास करता येणार नाही असं प्रतिपादन, दुसऱ्यात अध्यापक विद्यालयाची हजेरी, तिसऱ्यात तक्ते आणि आकडे. पहिला भाग सगळे वाचतात. तिसरा चाळून बाजूला ठेवतात. खरं तर पहिल्यातलं बोलणं तिसऱ्यातल्या आकड्यांवर उभं आहे.

मुलांनी काय केलं, तर एका वर्गाचा माग काढला. पहिलीत नावं दाखल झाली तिथपासून सक्तीचं शिक्षण संपेपर्यंत कोणतं मूल कुठं गेलं, ते एकेक करून शोधलं. शाळाशाळांची दप्तरं धुंडाळली, सरकारी आकडेवारी मिळवली, बापाचा धंदा काय तेही नोंदवलं. वर्गात उभ्या असलेल्या बाईंना जे कधीच दिसत नाही, ते असं केल्यावर दिसतं. का दिसत नाही, हे समजायला त्यांचे आकडे न घेता मी एक साधा, कल्पित वर्ग घेतो.

समजा पहिलीत तीस मुलं आहेत. वर्षाच्या शेवटी बाईंनी पाच जणांना त्याच वर्गात ठेवलं. पंचवीस मुलं दुसरीत गेली. तिथं आधीच्या वर्षी नापास झालेली पाच मुलं बसलेलीच आहेत. पट पुन्हा तीस. बाई याच मुलांबरोबर वर चढत गेल्या असं धरू. दर वर्षी पाच खाली राहतात, पाच नवी येऊन मिळतात. पाचवीच्या पहिल्या दिवशी बाई हजेरी घेतात तेव्हा तीस नावं असतात. निकाल दर वर्षी त्र्याऐंशी टक्के. चांगलाच म्हणायचा. आता पहिलीच्या मूळ तीस नावांतली किती या वर्गात आहेत ते मोजा. जुनी आणि नवी मुलं सारख्याच प्रमाणात खाली राहिली असं धरलं, तर उरतात सुमारे पंधरा. निम्मी गेली. आणि चार वर्षांत बाईंच्या हाताखालून गेलेली मुलं तीस नसून पन्नास आहेत.

प्रत्यक्षात प्रमाण इतकं सारखं नसतं. एकदा नापास झालेलं मूल पुन्हा नापास होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे मूळ तिसांतली थोडी जास्त टिकतील आणि मागून आलेली आणखी मागं पडतील. पण मुद्दा बदलत नाही. पट भरलेला राहतो, म्हणून गेलेलं मूल डोळ्यांना टोचत नाही. बाई वाईट नाहीत, त्या फक्त समोर बसलेल्यांकडे बघतात. या मुलांचं म्हणणं असं, की शाळेचा निकाल समोर बसलेल्यांवरून काढायचा नसतो. जे समोर नाहीत त्यांच्यावरून काढायचा असतो.

याला जोडून दुसरा हिशेब येतो, वयाचा. इटलीत १९६२ च्या अखेरीस कायदा झाला आणि पाच वर्षांच्या प्राथमिकनंतरची तीन वर्षंही सगळ्यांसाठी एकसारखी केली गेली. त्याआधी दहा-अकराव्या वर्षीच मुलांची वाट फुटायची. एकीकडे लॅटिन शिकवणारी माध्यमिक शाळा, दुसरीकडे कामधंद्याची. नव्या कायद्यानं सगळे एका वर्गात आले. पण शिक्षणाची सक्ती वयावर होती, चौदाव्या वर्षापर्यंत. सहाव्या वर्षी सुरू केलं, तर आठ इयत्ता संपायला बरोबर चौदावं वर्ष लागतं. म्हणजे मध्ये एकही वर्ष शिल्लक नाही. डॉक्टरचा मुलगा एकदा नापास झाला तर घरचे त्याला पंधराव्या, सोळाव्या वर्षीही शाळेत ठेवू शकतात. शेतमजुराचा मुलगा एकदा नापास झाला की चौदाव्या वर्षी तो सातवीतच असतो. कायदा त्याला सोडतो आणि शेत त्याला बोलावतं. त्याच्या हातात शेवटचं प्रमाणपत्र येतच नाही. बाईंनी दोघांना सारखाच शेरा दिलेला असतो. एकासाठी त्याचा अर्थ एक वर्ष, दुसऱ्यासाठी सगळी शाळा. पुस्तकात या दोन मुलांना पिएरिनो आणि जान्नी अशी नावं आहेत. नापासांच्या यादीत बापाचा धंदा लिहित गेल्यावर कोणाची मुलं जास्त निघतात, हे तक्ता वाचण्याआधीच आपल्याला कळलेलं असतं. पण कळलेलं असणं आणि मोजून दाखवणं यांत फरक आहे, आणि हा फरक या पोरांना बरोबर कळला होता.

दुसरा भाग अध्यापक विद्यालयांत शिकवणाऱ्यांनी दार लावून एकट्यानं वाचावा. मुलं म्हणतात, शिक्षक होणाऱ्यांना खुशाल नापास करा. तिथं नापास करणं योग्यच आहे, कारण उद्या त्यांच्या हाती दुसऱ्यांची मुलं जाणार. पण कशावर नापास करता ते बघा. मग ते एकेक विषय घेतात. शिक्षणशास्त्राच्या तासाला थोर विचारवंतांची मतं एकामागून एक पाठ करायची, आणि वर्गात मागं पडलेल्या एका मुलाचं काय करायचं याबद्दल अक्षर नाही. हे वाचताना मला आपल्या पदविकेच्या प्रश्नपत्रिका आठवल्या. त्या मी इथं उघडत नाही.

या पुस्तकातली परीक्षांची वर्णनं मात्र कुठल्याही विनोदी लेखकाला हेवा वाटावा अशी आहेत. बार्बियानाची मुलं परदेशी भाषा बोलण्यासाठी शिकत, सुट्टीत परदेशी जाऊन काम करत. फ्रेंचच्या परीक्षेत विचारलं काय, तर घुबड, खडे, पंखे अशा शब्दांची एकवचनं आणि अनेकवचनं. त्यात भरपूर गुण मिळवणाऱ्या शहरी मुलाला फ्रान्समध्ये संडास कुठं आहे हे विचारता आलं नसतं. व्यायामाच्या परीक्षेत सरांनी चेंडू टाकला आणि बास्केटबॉल खेळायला सांगितलं. पोरांनी तो खेळ पाहिलेलाच नव्हता. ही पोरं ओकच्या झाडावर चढून, दोन्ही हात सोडून, कुऱ्हाडीनं क्विंटलभर वजनाची फांदी तोडणारी आणि बर्फातून घरच्या दारापर्यंत ओढत नेणारी. सरांच्या लेखी त्यांचं शरीर तयार झालेलं नव्हतं. राग इथं आहे, पण त्याखाली एक तपासता येण्यासारखा प्रश्न आहे. आपण जे मोजतोय ते मुलाला येतंय की नाही हे मोजतोय, की मूल कुठल्या घरातून आलंय ते?

पुस्तक लिहिण्याची रीतसुद्धा या मुलांनी पुस्तकातच सांगितली आहे, आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी ती भाग सोन्यासारखी आहे. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचलं की लगेच टिपायचं, एका कागदाच्या चिठ्ठीवर एकच विचार, आणि फक्त एका बाजूला. मग एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या. सारख्या असतील त्या काढून टाकायच्या. जवळच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, ती प्रकरणं. गठ्ठ्यातले छोटे गठ्ठे, ते परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला नाव देऊन बघायचं. नाव सुचत नसेल तर त्यात एक तर काही नाही, किंवा फार गोष्टी कोंबल्या आहेत. क्रम लागला की पहिला खर्डा, त्याच्या प्रती काढून सगळ्यांच्या हातात. मग कात्री, डिंक, रंगीत पेन्सिली. त्यानंतर शर्यत लागते: कापता येतील असे शब्द कोण शोधतो? जास्तीची विशेषणं, पुनरुक्ती, खोटं, अवघड शब्द, लांब वाक्यं. शेवटी बाहेरच्या माणसांना एकेक करून बोलवायचं, शक्यतो फार न शिकलेल्या. मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि आपल्याला म्हणायचं होतं तेच त्यांना कळलं का ते बघायचं. समजण्यासाठी कुणी सूचना दिली तर घ्यायची. सांभाळून लिहा असं कुणी सांगितलं तर ते मात्र ऐकायचं नाही.

ही पद्धत हवेतून आली नव्हती. पिआदेनाजवळच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक मारिओ लोदी १९६३ साली बार्बियानाला येऊन गेले, त्यानंतर दोन्ही शाळांच्या मुलांनी एकमेकांना सामुदायिक पत्रं लिहिली, आणि त्यातून ही सवय पक्की झाली. पत्र पुरं व्हायला जवळजवळ एक वर्ष लागलं. त्या काळात मिलानी कर्करोगानं अंथरुणाला खिळत चालला होता. पुस्तक छापून आल्यावर महिन्याभरात, २६ जून १९६७ रोजी, तो वारला. वय चव्वेचाळीस.

म्हणूनच लेखणी खरी कुणाची, ही शंका आजतागायत घेतली जाते. वाक्यांचा तुकडा पाडण्याची लकब मिलानीच्या इतर लेखनासारखी आहे हे खरं. मला वाटतं, चिठ्ठ्या मुलांच्या आणि चाळणी गुरूची, असं काहीसं झालं असावं. तसं असेल तरी आकडे त्यानं खोटे होत नाहीत. १९९२ साली इटलीत रोबेर्तो बेरार्दी यांनी या पुस्तकाला एका दशकाची दंतकथा ठरवणारं पुस्तक लिहिलं, आणि कादंबरीकार सेबास्तियानो वास्साल्ली यांनी वर्तमानपत्रात मिलानीवर सडकून टीका केली. इटलीच्या शाळांचा दर्जा घसरला तो याच पत्रामुळे, असा एकूण सूर. एका पुस्तकानं देशाचा दर्जा घसरतो असं मानणं म्हणजे पुस्तकाचा फारच मान राखणं झालं.

पण पुस्तकात खरोखरच्या चुका आहेत आणि त्या झाकायचं कारण नाही. शिक्षकांना उक्त्या कामासारखा पगार द्यावा, किंवा न शिकलेल्या प्रत्येक मुलामागे दंड करावा, अशी एक सूचना मुलं गंभीरपणे करतात. वर्ग म्हणजे ऊसतोडीचा फड असल्यासारखं हे झालं. दंड लागू झाला तर शिक्षक काय करेल? गुण वाढवून देईल. म्हणजे ज्या खोट्या पटावर या मुलांनी बोट ठेवलं, तसाच खोटा निकाल त्यांच्याच उपायातून तयार होईल. पूर्ण दिवसाची शाळा चालवायची तर शिक्षकांनी लग्न करू नये, ही दुसरी सूचना धर्मगुरूच्या सावलीत वाढलेल्या पोरांनाच सुचू शकते. आणि मुली? बार्बियानाच्या शाळेत त्या जवळजवळ नव्हत्याच. लांबची वाट आणि घरच्यांचे विचार एवढं कारण देऊन पुस्तक पुढं सरकतं. बापाचा धंदा इतक्या बारकाईनं लिहिणाऱ्यांनी हा तक्ता मात्र केला नाही.

सुधारणेसाठी पुस्तकानं तीन गोष्टी मागितल्या आहेत. सक्तीच्या शिक्षणात नापास करू नका. ज्यांना कमी येतं त्यांना पूर्ण दिवस शाळा द्या. आणि ज्यांना शिकावंसं वाटत नाही त्यांच्यासमोर शिकण्याचं काही प्रयोजन ठेवा. या तिन्ही एकत्र आहेत. पहिली गोष्ट दुसरीशिवाय चालत नाही, कारण वर्ष न गमावता मागचं भरून काढायचं तर दिवसातले तास वाढवावेच लागतात. इटलीत पुढे १९७१ च्या कायद्यानं पूर्ण वेळ प्राथमिक शाळेची सोय झाली, १९७७ मध्ये सक्तीच्या शिक्षणातले अंकांचे गुण जाऊन वर्णनात्मक मूल्यमापन आलं. ही श्रेयाची वाटणी नव्हे, त्यामागं संघटना, चळवळी बरंच काही होतं.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा त्याच्या सोळाव्या कलमानं आठवीपर्यंत त्याच वर्गात ठेवायला बंदी केली. आपल्या सक्तीचंही वय सहा ते चौदा, म्हणजे तीच आठ वर्षं, तोच शिलकीशिवायचा हिशेब. फरक एवढा, की आपला कायदा उशिरा आलेल्याला चौदा उलटल्यावरही आठवी पुरी करू देतो. पण आपण तीनपैकी पहिली मागणी कलमात घातली आणि दुसरी शिक्षकाच्या उत्साहावर सोडून दिली. कच्ची मुलं वर जात राहिली, 'ढकलपास' हा शब्द गावोगाव झाला, आणि २०१९ मध्ये कायदा बदलला गेला. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना पूरक मार्गदर्शन, फेरपरीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात, अशी व्यवस्था आणली. या बदलावर बोलताना दोन्ही बाजूंचे लोक बार्बियानाचं नाव घेतात. नापास न करण्याचा प्रयोग फसला असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की प्रयोग तिन्ही औषधांचा केला होता की एकाच?

वाद घालण्यापेक्षा तिसऱ्या भागाचं अनुकरण करणं सोपं आहे, आणि शालेय अनुभवासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला ते दोन-तीन दिवसांत जमतं. शाळेचं जनरल रजिस्टर मागायचं. आठ वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्यांची नावं उतरवून घ्यायची. प्रत्येक नावापुढं आज ते मूल कुठं आहे ते लिहायचं: आठवीत, खालच्या वर्गात, दुसऱ्या शाळेत, की कुठंच नाही. पालकांचा व्यवसाय प्रवेश अर्जात मिळतो. मुलगा की मुलगी, हा बार्बियानानं सोडलेला रकाना आपण घालायचा.

अडचण येते ती दाखला घेऊन गेलेल्यांची. रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो आणि त्यात बहुतेक ठिकाणी 'पालकांच्या अर्जावरून' एवढंच लिहिलेलं आढळतं. तेवढ्यावर मूल दुसऱ्या शाळेत गेलं असं धरून टाकलं तर सगळा तक्ता गोड होऊन बसतो. नव्या शाळेत नाव खरंच दाखल झालं का, हे ऑनलाइन नोंदीत किंवा त्या शाळेला फोन करून बघावं लागतं. नाव दाखल असलं तरी मूल बसतं का, हे पुन्हा वेगळं. हंगामात आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेलं मूल दोन्हीकडे पटावर असू शकतं, आणि कुठल्याच वर्गात नसूही शकतं. त्यासाठी वस्तीवर जाऊन शेजाऱ्यांना विचारण्याला पर्याय नाही. यातून येणारा आकडा एका शाळेचा असतो. त्यावरून तालुक्याचं काही सांगता येत नाही आणि अमुक मूल का गेलं हेही तो सांगत नाही. तो फक्त नावं हातात देतो, आणि ती घेऊन त्या शाळेच्या बाईंसमोर बसता येतं.